फ्रँचायझीचं टोकन भरायच्या आधी ॲग्रीमेंटमध्ये नेमकं काय बघायचं? विश्रामबागला चहा कॅफे टाकतोय

स्नेहल_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. मी आणि माझा दीर मिळून सांगलीत विश्रामबागला चहा-नाश्त्याचं कॅफे टाकायचं ठरवलंय. गाळा बघून ठेवलाय, मालक तीन वर्षांचं लिव्ह अँड लायसन्स करून द्यायला तयार आहेत. एका चहाच्या ब्रँडची फ्रँचायझी घ्यायचं चाललंय, नाव इथं घेत नाही. फी पाच लाख अधिक जीएसटी, रॉयल्टी पाच टक्के, करार तीन वर्षांचा. त्यांचा माणूस रोज फोन करतोय की 51 हजार टोकन भरा, सांगलीसाठी अजून दोन पार्ट्या लाईनीत आहेत. मी म्हटलं आधी ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट पाठवा तर म्हणाला टोकन आल्यावरच पाठवतो. खूप मागं लागल्यावर काल आला, 28 पानं, सगळी इंग्रजीत. मी वाचलंय पण कुठल्या कलमावर अडून बसायचं आणि कुठलं सोडून द्यायचं ते कळत नाहीये. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, पैसे दोन्ही घरांचे आहेत.

कुपवाड_एमआयडीसी

ओ ताई, टोकन अजिबात भरू नका. आपल्याकडं फ्रँचायझीचा कायदाच न्हाई बगा, त्यामुळं पैसे गेले की गेले, कोर्टात कुणी इचारत न्हाई. त्यापेक्षा स्वतःच्या नावानं गाडा टाका, चहा सांगलीकर कुठंबी पितोय.

हिशेब_मिरज

कुपवाडवाले, निम्मं बरोबर आहे तुमचं. फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा आपल्याकडं नाही हे खरं, म्हणजे कंपनीनं आधी अमुक माहिती उघड केलीच पाहिजे असं बंधन काही देशांत असतं तसं इथं नाही. पण 1872 चा करार कायदा आहे, ट्रेडमार्क कायदा आहे, कोर्टात जाता येतंच. फक्त कोर्ट काय बघणार, तर तुम्ही सही केलेला कागद. फोनवर सेल्सवाला काय बोलला ते त्यात नसेल तर सिद्ध करायला घाम फुटतो, आणि बहुतेक ॲग्रीमेंटच्या शेवटी एक कलम असतंच की यापूर्वीचं सगळं तोंडी बोलणं रद्द समजावं. म्हणून कायदा नाही तर कागद अजून बारकाईनं वाचायचा.

स्नेहल ताई, मी मिरजेत अकाउंटचं काम करतो, खाण्यापिण्याच्या धंद्यातली बरीच खाती माझ्याकडं आहेत. मला तुमच्या ड्राफ्टमधून चार गोष्टी सांगा. तीन वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची लिहिलंय. रॉयल्टी कशावर, म्हणजे एकूण विक्रीची व्याख्या काय दिलीय. कच्चा माल कुणाकडून घ्यायचा आणि त्याचा भाव कुठं लिहिलाय. आणि मधेच बंद करायचं झालं तर काय. फी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असते, तिच्याविषयी सगळे घासाघीस करतात, पण खरा पैसा या चार ठिकाणी जातो.

कंदी_पेढेवाले

आमचं साताऱ्यात पेढ्याचं दुकान आहे, आजोबांपासून. आम्हाला पण फ्रँचायझी द्यायची आहे, कराड आणि वाईवरून विचारणा आल्यात. फी किती ठेवावी? ॲग्रीमेंट कुणाकडून करून घ्यावं? कुणी केलं असेल तर सांगा.

स्नेहल_विश्रामबाग

दादा तुमचा प्रश्न देणाऱ्याच्या बाजूचा आहे, माझा घेणाऱ्याच्या. तरी थांबा इथंच, तुमच्याकडून कंपनीची बाजू कळेल.

हिशेब सर, बघितलं. मुदत सही केलेल्या तारखेपासून 36 महिने. रॉयल्टी ‘एकूण विक्रीवर’, व्याख्येत ग्राहकाकडून कुठल्याही स्वरूपात मिळालेली सगळी रक्कम असं आहे. चहा पावडर मसाला ब्लेंड फक्त कंपनीकडूनच घ्यायचा, भाव ‘कंपनी वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे’. फोनवर सध्याचा भाव 640 रुपये किलो सांगितला. बंद करण्याचं कलम दोन पानांचं आहे, ते मला नीट लागलं नाही. दोन सही केलेले कोरे चेक पण मागितलेत सिक्युरिटी म्हणून.

नितीन_इस्लामपूर

जीएसटीचं टेन्शन घेऊ नका, पाच लाखावर 18 टक्के म्हणजे 90 हजार भरले तरी ते इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतात. आमच्या कापड दुकानाला मिळालेत.

हिशेब_मिरज

नितीनभाऊ, कापड दुकानाला मिळतात, कॅफेला नाही. खाण्यापिण्याची सेवा 5 टक्क्यात बसते आणि त्या 5 टक्क्याची अटच ही आहे की इनपुट क्रेडिट घ्यायचं नाही. कंपोझिशनमध्ये गेलं तरी तेच. म्हणजे ताईंसाठी फी पाच लाख नाही, पाच लाख 90 हजार आहे, आणि रॉयल्टीवरचा 18 टक्के जीएसटी पण खर्चातच धरायचा. हे सेल्सवाला कधी सांगत नाही, कारण त्याच्या पत्रकात सगळीकडं ‘अधिक जीएसटी’ एवढंच छापलेलं असतं.

आता ताई तुमचाच हिशेब मांडतो. दिवसाला सहा हजाराचा गल्ला धरू, महिना एक लाख 80 हजार. तुम्ही गाळ्याच्या आसपासच्या चहावाल्यांपुढं सकाळ-संध्याकाळ उभं राहून कप मोजा म्हणजे हा आकडा कमी की जास्त ते कळेल, कंपनीच्या प्रोजेक्शनवर जाऊ नका.

रॉयल्टी 5 टक्के म्हणजे 9,000, त्यावर जीएसटी 1,620, झाले 10,620. आता ब्लेंड. दिवसाला 300 कप धरले तर महिन्याला साधारण 60 किलो लागेल. गणपती पेठेत त्याच दर्जाची पावडर आणि मसाला मिळून काय भाव पडतो ते विचारून या. समजा 440 पडला तर किलोमागं 200 रुपये कंपनीला जास्त जातात, म्हणजे महिना 12,000. ही दुसरी रॉयल्टीच आहे आणि पहिलीपेक्षा मोठी आहे, फक्त तिला तसं कुणी म्हणत नाही. दोन्ही मिळून 22,620, म्हणजे विक्रीच्या साडेबारा टक्के. तुम्ही डोक्यात पाच टक्के धरून बसलाय.

मग मुदत. सहीपासून 36 महिने म्हटलं की इंटिरियर, लाईट मीटर, फूड लायसन्स, ट्रेनिंग यात तीन महिने गेले तर धंद्याला 33 महिनेच उरले. 5,90,000 भागिले 33 म्हणजे महिन्याला 17,900 च्या आसपास नुसती फी वसूल करायला. तीच मुदत दुकान उघडल्यापासून पाच वर्षं असती तर महिन्याला 9,800 पडले असते. आता बेरीज करा, महिन्याला साडेचाळीस हजार ब्रँडच्या नावानं बाहेर जातात, आणि त्यानंतर दूध, साखर, गॅस, भाडं, दोन पोरांचा पगार, लाईट बिल. हे बसतंय का बघा. बसत असेल तर धंदा वाईट नाही, मी नका घेऊ म्हणत नाहीये.

स्नेहल_विश्रामबाग

सर हे वाचून मी दीरांना फोन लावला लगेच. आम्ही पाच लाख आणि पाच टक्के एवढंच धरलं होतं. गणपती पेठेत उद्या जाऊन येते. पण ब्लेंड बाहेरून घ्यायची परवानगी मागितली तर देतील का?

कंदी_पेढेवाले

नाही देणार ताई, आणि त्यांनी देऊ पण नये. आम्ही पेढ्याचा खवा बाहेरून घ्यायला कुणाला परवानगी देणार नाही, चव बदलली की नाव आमचं जातं, गिऱ्हाईक वाईच्या दुकानदाराला नाही तर आम्हाला बोलणार. माल कंपनीकडून घेण्याच्या अटीवर भांडू नका. भांडायचं तर भावावर भांडा. ‘वेळोवेळी ठरवेल’ हे बरोबर नाही. मी देणारा असून सांगतो, आज एक भाव सांगून उद्या दुप्पट केला तर समोरच्यानं करायचं काय.

हिशेब_मिरज

पेढेवाल्यांनी नेमकं सांगितलं. भावपत्रक ॲग्रीमेंटला परिशिष्ट म्हणून जोडून घ्या, दोघांच्या सह्यांसकट. त्यात लिहा की भाव वर्षातून एकदाच बदलेल, 30 दिवस आधी लेखी कळवून, आणि वाढ अमुक टक्क्याच्या वर नाही. चहाचा बाजारभाव खरंच वर गेला तर काय याची सोय कंपनी मागेल, ती मागणी रास्त आहे, ती पण लिहू दे. अजून एक ओळ महत्त्वाची, ऑर्डर दिल्यावर ठरलेल्या दिवसांत माल आला नाही तर तेवढ्यापुरता बाहेरून घ्यायची मुभा, आणि तो कराराचा भंग धरला जाणार नाही. मी बघितलंय, माल संपला म्हणून दुकान दोन दिवस बंद, आणि त्या बंद दिवसांची नोटीस दुकानदारालाच.

एकूण विक्रीच्या व्याख्येत ‘जीएसटी सोडून’ एवढं घालायला लावा. ग्राहकाकडून घेतलेला 5 टक्के टॅक्स सरकारचा आहे, त्यावर रॉयल्टी का द्यायची. आणि घरपोच ॲपवरच्या ऑर्डरी असतील तर ॲपचं कमिशन कापल्यावर हातात पडलेल्या रकमेवर रॉयल्टी मागून बघा. हे सगळे मान्य करत नाहीत, पण विचारल्याशिवाय कुणीच करत नाही.

पेढेवाले, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, पण तोपर्यंत एक काम करा, नावाचा ट्रेडमार्क अर्ज आधी टाका, मग कराड-वाईशी बोला.

राधिका_रोड_सातारा

स्नेहलताई, बंद करण्याचं कलम तुम्हाला लागलं नाही म्हणालात ना, त्यावरच मी लिहिते कारण आम्ही त्यातून गेलोय. साताऱ्यात राधिका रोडला आमचं एका ब्रँडचं आउटलेट होतं, तीन वर्षांचा करार. त्यात किमान रॉयल्टी होती, म्हणजे विक्री कितीही कमी झाली तरी महिन्याला 15 हजार द्यायचेच. धंदा पहिले काही महिने बरा चालला, मग पुढं रस्त्याचं काम निघालं आणि गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून यायचं बंद झालं. 14 महिन्यांनी आम्ही बंद करतो म्हणून कळवलं. तर त्यांनी कलम दाखवलं की मुदतीआधी दुकानदारानं बंद केलं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांची किमान रॉयल्टी एकरकमी. 22 महिने गुणिले 15 हजार, तीन लाख 30 हजार. एक लाख डिपॉझिट त्यांच्याकडं होतंच, शिवाय आमचे सही केलेले चेक.

साताऱ्यातल्या वकिलांनी सांगितलं की करार कायद्याचं 74 कलम आहे, कागदावर दंड कितीही लिहिला तरी कोर्ट रास्त भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, तो आपोआप मिळत नाही. ते ऐकून जरा धीर आला. पण तोपर्यंत चेक त्यांच्या हातात होते, चेक वटला नाही की 138 ची केस, त्या भीतीनं आम्ही मिटवामिटवी केली. डिपॉझिट सोडलं, चेक परत घेतले, लेखी ‘काही देणं नाही’ घेतलं. मशीन आमच्या पैशाचं होतं पण त्यावर त्यांचा लोगो, ते त्यांनी सांगितलेल्या पार्टीलाच पडत्या भावात द्यावं लागलं, कारण तेही करारात होतं.

तर तुमच्या दोन पानांत या गोष्टी शोधा: किमान रॉयल्टी आहे का, लॉक-इन किती, तुम्ही नोटीस देऊन बाहेर पडू शकता का की फक्त कंपनीच पडू शकते, दुसऱ्याला दुकान विकता येतं का आणि त्याची ट्रान्सफर फी किती. आणि गाळामालकानं मधेच गाळा खाली करायला लावला तर ते तुमच्या बाजूचा भंग धरतात का, हे आम्ही कधी बघितलंच नसतं, आमच्या शेजारच्या मेडिकलवाल्यावर ती वेळ आली म्हणून कळलं.

अमोल_लॉ

मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ताई, ड्राफ्टमध्ये असंही असेल की करार संपल्यावर दोन वर्षं चहाचा धंदा करायचा नाही. ते मनावर घेऊ नका, करार कायद्याच्या 27 कलमानुसार धंदा करायला बंदी घालणारं कलम रद्दच असतं. सही करून टाका, कोर्टात टिकत नाही.

हिशेब_मिरज

अमोल, मुदत संपल्यानंतरच्या बंदीबद्दल तुझं बरोबर आहे. पण करार चालू असतानाची बंदी टिकते, सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोलाच्या निकालात हेच धरलंय, आणि ती केस फ्रँचायझीचीच होती. म्हणजे हा कॅफे चालू असताना ताईंच्या दिरानं मिरजेत स्वतःच्या नावानं चहाचं दुकान टाकलं आणि करारात कुटुंबीय धरलेत तर अडचण येऊ शकते. आणि ‘कोर्टात टिकत नाही’ म्हणून कुठल्याच कागदावर सही करू नये. वादाचं ठिकाण कुठलं लिहिलंय ते बघ आधी.

स्नेहल_विश्रामबाग

लवाद, दिल्लीत, आणि लवाद कंपनी नेमणार असं आहे. कुटुंबीय पण धरलेत. 🙁

हिशेब_मिरज

एकाच बाजूनं एकटीनं लवाद नेमायचा हे सुप्रीम कोर्टाला मान्य नाही, 2019 पासून तसे निकाल आहेत. तेवढं वकिलाकडून दुरुस्त करून घ्या, दोघांच्या संमतीनं नेमावा असं. पण ठिकाण दिल्ली राहिलं तर मधल्या अर्जांसाठी पण दिल्लीचंच कोर्ट. तीन लाखाच्या भांडणासाठी सांगलीहून किती वेळा जाणार. सांगली मिळणार नाही बहुतेक, पुणे मागा.

कोऱ्या चेकबद्दल राधिकाताईंनी लिहिलं ते गंभीर आहे. कोरा चेक सही करून स्वखुशीनं दिला तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कोर्ट सुरुवातीला धरून चालतं, उलटं सिद्ध करायचं काम तुमच्यावर. द्यावेच लागले तर रक्कम घालून द्या, चेकचे नंबर करारात लिहा, कशासाठी आणि किती दिवसांच्या लेखी नोटिशीनंतर बँकेत टाकता येतील ते लिहा, आणि करार संपल्यावर परत करण्याची मुदत. माझं मत, चेकऐवजी डिपॉझिट थोडं वाढवून दिलेलं परवडलं.

कुपवाड_एमआयडीसी

आन् ते नाव तरी त्यांचंच हाय का? आमच्या मेव्हण्यानं घेतली तवा बोर्ड लागला, दोन महिन्यांत दुसऱ्याच कंपनीची नोटीस आली की नाव आमचं हाय, काढा.

हिशेब_मिरज

हे लाखातलं विचारलंत. फ्रँचायझीत तुम्ही पैसे मोजता ते नावाचे. ताई, ipindia.gov.in वर ट्रेडमार्कचा पब्लिक सर्च फुकट आहे. ब्रँडचं नाव टाका, क्लास 43 म्हणजे कॅफे-हॉटेल सेवा, आणि क्लास 30 म्हणजे चहा पावडर वगैरे माल, दोन्हीत बघा. अर्ज कुणाच्या नावानं आहे आणि स्टेटस काय आहे या दोन गोष्टी वाचा. Registered असेल तर बरं. Objected किंवा Opposed असेल तर नाव अजून पक्कं नाही. बोर्डवर टीएम लिहिलंय म्हणजे नोंदणी झाली असं नसतं, ते कुणीही लिहू शकतं.

स्नेहल_विश्रामबाग

आत्ताच बघितलं. क्लास 43 मध्ये Objected दाखवतंय, आणि अर्ज एका व्यक्तीच्या नावानं आहे, आमचा करार ज्या प्रायव्हेट लिमिटेडशी आहे तिच्या नावानं नाही. क्लास 30 मध्ये Registered आहे, त्याच व्यक्तीच्या नावानं. म्हणजे काय समजायचं?

हिशेब_मिरज

म्हणजे पावडरच्या पुड्यावर नाव पक्कं, दुकानाच्या बोर्डावर अजून नाही. Objected म्हणजे ऑफिसनं आक्षेप काढलाय, उत्तर दिल्यावर तो मिटूही शकतो, नुसत्या त्या शब्दावरून सोडून देऊ नका. पण दोन गोष्टी मागा. त्या व्यक्तीनं कंपनीला नाव वापरायला आणि पुढं इतरांना द्यायला परवानगी दिलीय त्याची कॉपी. आणि करारात कलम, की नावावरून वाद होऊन बोर्ड, कप, इंटिरियर बदलावं लागलं तर खर्च कंपनीचा, आणि नावच गेलं तर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात फी परत.

कंपनीची माहिती mca.gov.in वर बघा, कधी स्थापन झाली, भरणा भांडवल किती. एक लाख भांडवलाची कालची कंपनी असेल तर तिच्या नुकसानभरपाईच्या कलमाला तेवढीच किंमत. आणि पैसे कुठल्याही माणसाच्या वैयक्तिक खात्यावर नाही, करारात जे नाव आहे त्याच नावाच्या खात्यावर. मोठ्या ब्रँडच्या नावानं खोट्या वेबसाईट काढून फी गोळा करणारे पण फिरतायत.

राधिका_रोड_सातारा

कंपनी जे तीन-चार फोन नंबर देते ते खूश दुकानदारांचेच असतात. गुगल मॅपवर ब्रँडचं नाव टाकून ‘कायमचे बंद’ दिसणारी दुकानं शोधा आणि त्यांच्याशी बोला, शेजारच्या दुकानदाराकडून नंबर मिळतो. आम्हाला त्यांच्याकडून जेवढं कळलं तेवढं कुठूनच नाही.

स्नेहल_विश्रामबाग

चार दिवसांनी अपडेट. गणपती पेठेत दोन ठिकाणी विचारलं, तसाच ब्लेंड 430 ते 460 ला पडतो, सरांचा अंदाज बरोबर निघाला. कोल्हापूरला त्यांचं एक बंद झालेलं आउटलेट सापडलं, त्यांच्याशी बोलले, त्यांचा भाव एका वर्षात दोनदा वाढवला होता.

सगळे मुद्दे मेलवर लिहून पाठवले, फोनवर काहीच बोलले नाही. उत्तर आलं. मुदत दुकान उघडल्यापासून मोजायला तयार, पण सही झाल्यापासून चार महिन्यांत उघडायचं. भावपत्रक जोडायला तयार, वाढ वर्षाला एकदा, कमाल 8 टक्के. जीएसटी सोडून रॉयल्टी मान्य. पुणे मान्य, लवाद दोघांच्या संमतीनं मान्य. कोरे चेक सोडायला तयार नाहीत. 500 मीटरमध्ये दुसरं आउटलेट न देण्याचं आधी ‘प्रयत्न करेल’ होतं ते ‘देणार नाही’ करतायत, पण कंपनीचं स्वतःचं ऑनलाइन किचन त्यातून वगळलंय. ट्रेडमार्कच्या परवानगीची कॉपी ‘लीगल टीमला विचारतो’ म्हणाले, तिथंच अडलंय. आणि त्या दोन पार्ट्या ज्या लाईनीत होत्या त्यांचा परत कुणी उल्लेख केला नाही.

टोकन अजून भरलेलं नाही. दीर म्हणतायत एवढं मान्य केलं तर भरून टाकू, मी म्हणते परवानगीची कॉपी आणि चेकचं मिटल्याशिवाय नाही.

कंदी_पेढेवाले

ताई, परवानगीची कॉपी द्यायला वेळ लागण्यासारखं त्यात काही नाही, एका पानाचा कागद असतो. नाव एकाच घरात असेल तर संध्याकाळी मिळायला पाहिजे.

हिशेब_मिरज

स्नेहल ताईंच्या बाजूनं मी. फार तर असं करा, टोकनची पावती नको, दोन ओळींचं पत्र घ्या की सही झाली नाही किंवा कंपनीनं जागा नामंजूर केली तर 51 हजार इतक्या दिवसांत परत. आणि उरलेली फी एकदम नाही, निम्मी सहीला, निम्मी जागा मंजूर झाल्याचं लेखी आल्यावर. ऑनलाइन किचनचं मात्र मलाही उत्तर सापडलेलं नाही, सगळ्याच कंपन्या ते वगळतात. कुणी ते कलम बदलून घेतलं असेल तर इथं शब्द टाका.

नितीन_इस्लामपूर

आमच्या ओळखीत एकानं तेवढ्या भागातल्या ऑनलाइन ऑर्डरी आधी आपल्या दुकानाला द्यायच्या असं लिहून घेतलंय, पण ते बिर्याणीचं होतं आणि कंपनी छोटी होती. त्यांना ड्राफ्ट विचारतो, मिळाला तर टाकतो.